‘परवा येतो म्हणाले’ : इतिवृत्तात ‘मी’ कोण, ‘परवा’ कधी आणि ‘इथे’ कुठे?

प्रश्न : मी करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा सचिव आहे. सोमवारी, १० मार्चच्या सभेत पेंडीच्या उधारीचा विषय निघाला. तेव्हा एक सभासद म्हणाले, “परवा येतो की हितं, तुमचं काय असंल ते भागवून टाकतो. ह्या बिलातनं कापू नका.” मी इतिवृत्तात लिहिलं, ‘सभासद म्हणाले की मी परवा इथे येतो व तुमचे पैसे देतो, या बिलातून कापू नका.’ आता एक संचालक म्हणतात, ‘मी’ चूक आहे, ‘ते’ पाहिजे होतं. दुसरे विचारतात, परवा म्हणजे कधी? दुसऱ्याचं बोलणं कागदावर नेमकं कसं उतरवायचं?

उत्तर :

तुमचा ‘मी’ मराठी म्हणून चुकलेला नाही. वाक्य बिघडलंय ते ‘परवा’, ‘इथे’, ‘तुमचे’ आणि ‘या’ ह्या चार शब्दांमुळे. सभेत हे शब्द सगळ्यांना कळले, कारण बोलणारा समोर होता, तारीख माहीत होती, जागा पायाखाली होती. वहीत उतरल्यावर ह्यातलं काहीच उरलं नाही.

‘पेंड’ हा शब्द कोणीही, कुठंही, कधीही उच्चारला तरी पेंडच राहतो. ‘परवा’चं तसं नाही. तो कोणत्या दिवशी उच्चारला हे कळल्याशिवाय त्याला अर्थच नाही. ‘मी’ला बोलणारा लागतो, ‘तुम्ही’ला ऐकणारा लागतो, ‘इथे’ला जागा लागते. भाषेच्या अभ्यासात ह्याला डायक्सिस म्हणतात. कार्ल ब्यूलर ह्या जर्मन अभ्यासकानं १९३४ मध्ये हे फार सोपं करून मांडलं : प्रत्येक बोलण्याला एक शून्यबिंदू असतो, आणि तो ‘मी, इथे, आत्ता’ ह्या तिघांचा मिळून बनतो. तुमच्या-माझ्याकडच्या भाषेत त्याला खुंटा म्हणू. म्हशीचं दावं किती हात आहे हे ठाऊक असलं तरी ती कुठवर चरेल हे खुंटा कुठं ठोकलाय त्यावर ठरतं. ‘परवा’ म्हणजे दोन दिवसांचं दावं. खुंटा १० मार्चला असेल तर ते १२ मार्चपर्यंत पोचतं.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना एकाऐवजी दोन खुंटे येतात, बोलणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचा. लिहिलेलं असेल तर तिसराही येतो, तो वाचणाऱ्याचा. पुढच्या महिन्यात वही उघडणारा माणूस ‘परवा’ वाचतो तेव्हा क्षणभर का होईना, स्वतःच्या आजपासून मोजतो. कोणता शब्द कोणत्या खुंट्याला बांधलाय हे वाक्यातून कळलं पाहिजे. खरा प्रश्न तेवढाच आहे.

आता संचालकांच्या हरकतीकडे वळू. शाळेत इंग्रजीच्या तासाला आपण अप्रत्यक्ष कथन शिकतो. तिथं ‘आय’चा ‘ही’ होतो, वर्तमानाचा भूतकाळ होतो, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’ होतो. सगळे शब्द बोलणाऱ्याच्या खुंट्यावरून सोडून सांगणाऱ्याच्या खुंट्याला बांधायचे, ही इंग्रजीची रीत आहे. मराठीचा ‘की’ असली सक्ती करत नाही. ‘सुरेश म्हणाला की मी उद्या येतो’ हे रोजचं, शुद्ध मराठी आहे आणि त्यातला ‘मी’ सुरेशच असतो. उलट ‘सुरेश म्हणाला की तो उद्या येईल’ असं लिहिलं, तर मराठी कानाला पहिल्यांदा वाटतं, सुरेश दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय. म्हणजे ‘मी’ काढून ‘ते’ घातल्यानं संदिग्धता जात नाही, नुसती जागा बदलते. ‘सभासद म्हणाले की ते पैसे देतील’ ह्यात देणारे सभासद, की त्यांचे भाऊ, की थोरला मुलगा? तुमच्या वाक्यापेक्षा हे जास्त धोक्याचं आहे.

तरीही ‘मी’ला इतिवृत्तात ठेवू नये असंच मी सांगेन, पण कारण वेगळं आहे. ‘की’च्या पुढचा ‘मी’ बोलणाऱ्याचा असू शकतो आणि सांगणाऱ्याचाही. ‘डॉक्टर म्हणाले की मी दोन दिवसांनी येईन’ ह्यात ‘मी’ म्हणजे बहुतेक डॉक्टर. ‘डॉक्टर म्हणाले की मी आता घरी जाऊ शकतो’ ह्यात ‘मी’ म्हणजे बहुतेक पेशंट. दोन्ही वाक्यांची बांधणी एकच आहे. फरक व्याकरणानं केलेला नाही, दवाखान्यात काय होतं ह्याच्या आपल्या माहितीनं केलाय. ही माहिती वाचणाऱ्याकडे नसेल तर वाक्य दोन्हीकडं झुकतं.

मुख्य क्रियापद कोणतं ह्यावरही कल ठरतो. ‘म्हणाला’, ‘सांगितलं’, ‘वाटलं’ ह्यांच्यामागचा ‘मी’ सहज बोलणाऱ्याचा होतो. ‘माहीत होतं’ आलं की तो जवळपास नेहमी सांगणाऱ्याचा राहतो : ‘त्याला माहीत होतं की मी आजारी आहे’ ह्यात आजारी मीच, तो नव्हे. आणि क्रियापद ‘-वं’चं असेल तर खुंटा पक्का सांगणाऱ्याकडे येतो. ‘आई म्हणाली की मी लवकर यावं’ ह्यात लवकर यायचंय ते सांगणाऱ्यानं. आईला स्वतःबद्दल तसं म्हणायचं असतं तर तिनं ‘येईन’ म्हटलं असतं.

एरवी मराठीत आणखी एक खूण मदतीला येते, लिंगाची. पुरुष सचिवानं लिहिलं, ‘शालनताई म्हणाल्या की मी उद्या येते’, तर ‘येते’वरून ‘मी’ म्हणजे शालनताई हे ठरतं. आपल्या कोल्हापुरात मात्र ही खूण भरवशाची नाही. इथल्या कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी आलो’ असंच बोलतात. त्यांचे शब्द जसेच्या तसे ‘की’मागं लिहिले आणि वाचणारा पुण्या-मुंबईकडचा असला, तर तो ‘येतो’ पाहून ‘मी’ म्हणजे लिहिणारा सचिव असं धरून बसेल. शब्द बदलून ‘येते’ करावं तर ती बाई तसं बोललेलीच नाही. ‘येईन’ किंवा ‘दिले’ ह्या रूपांत लिंग दिसतच नाही, तेव्हा तिथं खूण मुळातच नसते.

मग ‘आपण’ घालावं का? वर्तमानपत्रं हेच करतात : ‘आपण निवडणूक लढवणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.’ इथं ‘आपण’ म्हणजे बोलणारा स्वतः. मराठीचं हे फार सुंदर साधन आहे. ‘त्याला वाटलं, आपण चुकलो’ ह्यात चुकणारा आणि वाटणारा एकच, हे ‘तो’ किंवा ‘मी’ इतक्या स्वच्छपणे सांगू शकत नाही. कथा-कादंबरीत, बातमीत ते जरूर वापरावं. पण सभेच्या वहीत ‘आपण’ला आणखी अर्थ चिकटलेले आहेत. ‘आपण सगळे’ हा एक. आदरार्थी ‘तुम्ही’ हा दुसरा. आणि ‘आपण न्हाई देणार’ म्हणणाऱ्या इथल्या गड्याचा ‘मी’ हा तिसरा. ‘सभासदांनी सांगितले की आपण पैसे भरू’ असं वहीत आलं, तर संस्थेनंच पैसे भरायचे ठरले असा अर्थ काढायला कोणाला फार कष्ट पडणार नाहीत.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ ह्यांतला फरक इतिवृत्तात हरवतो तेव्हा नुकसान मोठं होतं, म्हणून इथं जरा थांबतो. अध्यक्ष सभेत म्हणाले, “आपण दरवाढ मागू,” तर ऐकणारे सभासदही त्यात आले. “आम्ही दरवाढ मागू” म्हणाले, तर बोलणारं संचालक मंडळ आलं आणि समोरचे वगळले गेले. ‘अध्यक्षांनी सांगितले की आम्ही दरवाढ मागू’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला ‘आम्ही’ लिहिणाऱ्याचा वाटू शकतो. अशा वेळी सर्वनाम उचलून त्याच्या जागी नाम ठेवायचं : ‘संचालक मंडळ दरवाढ मागेल’ किंवा ‘संचालक व सभासद मिळून दरवाढ मागतील’. ह्यातलं कोणतं, हे सभेतल्या शब्दावरून ठरवायचं. म्हणूनच कच्च्या टिपणात मूळ सर्वनाम लिहून ठेवलेलं असावं लागतं.

इतिवृत्तासाठी सगळ्यात टिकाऊ बांधणी मराठीत आधीपासून आहे, ती म्हणजे ‘-ल्याचे’, ‘-त असल्याचे’, ‘-णार असल्याचे’. ‘पैसे भरल्याचे सांगितले’, ‘पैसे भरत असल्याचे सांगितले’, ‘पैसे भरणार असल्याचे सांगितले’. ह्या रूपांना पुरुष नाही, त्यामुळं ‘मी’, ‘ते’, ‘आपण’ ही निवडच करावी लागत नाही. काळ मात्र टिकतो आणि तो सांगण्याच्या क्षणापासून मोजला जातो : आधी झालेलं, तेव्हा चालू असलेलं, पुढं व्हायचं. कर्ता लिहिला नाही तर तो सांगणाराच असं धरलं जातं. कर्ता दुसरा असेल तर नाव घालायलाच हवं : ‘आपल्या मुलाने पैसे भरल्याचे सांगितले’.

ह्या बांधणीची एक मर्यादा आहे. ‘देतो’ हे वचन आहे, ‘देणार असल्याचे’ हा नुसता इरादा होतो. तुमचे सभासद तर “येतो की” म्हणाले. हा शेवटचा ‘की’ जोडणारा नव्हे, आपला कोल्हापुरी ठासून सांगणारा आहे. “येतो” आणि “येतो की” ह्यांत भरवशाचा फरक आहे, आणि ‘-णार असल्याचे’ केलं की तो जोर पुसला जातो. जिथं वचनालाच महत्त्व आहे, तिथं अर्थ नेमका करून लिहायचा आणि त्यापुढं मूळ शब्द अवतरणचिन्हांत द्यायचे. अवतरणातलं बोलीभाषेतलं काही बदलायचं नाही. ‘हितं’चं ‘इथे’ केलंत की ते त्यांचे शब्द राहत नाहीत. ‘म्हणे’चंही तसंच. कोणी म्हणालं, “दुसऱ्या डेअरीनं दर वाढवला म्हणे,” तर तो ‘म्हणे’ सांगतो की ही ऐकीव गोष्ट आहे. तो गाळून ‘दुसऱ्या डेअरीने दर वाढवल्याचे सांगितले’ असं लिहिलं, तर त्या सभासदानं न घेतलेली जबाबदारी तुम्ही त्याच्या गळ्यात घातलीत. ‘दर वाढवल्याचे ऐकले असल्याचे सांगितले’ हे कानाला जड आहे, पण खरं आहे.

काळाबद्दल एक चूक मसुद्यांत फार दिसते. बोलणं होऊन गेलं, म्हणून आतल्या क्रियापदाचाही भूतकाळ करतात. पशुवैद्यकांनी तपासून सांगितलं, “म्हैस गाभण आहे.” वहीत येतं, ‘म्हैस गाभण होती असे डॉक्टरांनी सांगितले.’ मराठीत ह्याचा सरळ अर्थ होतो की आधी गाभण होती, आता नाही. विम्याच्या किंवा विक्रीच्या वादात हा एक शब्द घात करेल. मराठीत ‘म्हणाले’ भूतकाळात असलं तरी आतला काळ बोलणाऱ्याचाच राहतो : ‘म्हैस गाभण आहे असे सांगितले’ किंवा ‘गाभण असल्याचे सांगितले’. ‘होती’ तेव्हाच लिहायचं, जेव्हा बोलणारा स्वतः ‘होती’ म्हणाला असेल. वाचताना तपासायला सोपं आहे. आतलं वाक्य सुटं करून बोलणाऱ्याच्या तोंडी घालून पाहा. तो तसं म्हणाला असता का?

क्रियापदाचा काळ असा जसाच्या तसा ठेवायचा, पण दिवस सांगणारे शब्द तसे ठेवून चालत नाही. ‘परवा’ तर दोन्हीकडं तोंड असलेला शब्द आहे. मागचाही परवा, पुढचाही परवा. ‘परवा येतो’मध्ये ‘येतो’नं तो पुढचा ठरवला. ‘परवाचे पैसे’ असं असतं तर ठरलाच नसता. शिवाय ‘परवाच भेटलो होतो’ म्हणणारा नेमके दोन दिवस मोजत नाही, तो ‘नुकतंच’ म्हणत असतो. ‘उद्या’चं ‘दुसऱ्या दिवशी’ आणि ‘काल’चं ‘आदल्या दिवशी’ करता येतं, कारण हे शब्द सभेच्या तारखेला बांधलेले राहतात. ‘परवा’चं ‘तिसऱ्या दिवशी’ मात्र करू नका. आपण आजचा दिवस धरून मोजतो, म्हणून १०, ११, १२ असा १२ हा तिसरा दिवस. आज सोडून मोजणारा १३ वर पोचतो. तारीख आणि वार, दोन्ही लिहा : ‘बुधवार, दि. १२ मार्च’. तारखेत हात चुकला तर वार पकडून देतो.

असेच घसरडे शब्द आणखी आहेत. ‘आठ दिवसांत’ म्हणजे आपल्याकडं एक आठवडा, म्हणजे सातच दिवस. सोमवारी बोललेला माणूस पुढचा सोमवार धरतो, पण आकडा मोजणारा मंगळवारपर्यंत थांबतो. ‘पंधरा दिवसां’चंही तेच. शनिवारी कोणी ‘पुढच्या सोमवारी’ म्हणालं तर परवाचा सोमवार की त्यानंतरचा, हे माणसागणिक बदलतं. ‘औंदा’ म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, आर्थिक वर्ष, की उसाचा हंगाम? ह्यांची उत्तरं तर्कानं काढायची नाहीत. बोलणारा समोर असताना विचारायचं.

आणि ‘ह्या बिलातनं’. परवापेक्षा हाच शब्द तुम्हाला जास्त त्रास देईल असं वाटतं. दर दहा दिवसांचं बिल धरलं, तर १० मार्चला ‘हे बिल’ म्हणजे १ ते १० मार्चचं, ज्याची मुदत त्याच दिवशी संपत होती? की २१ फेब्रुवारीपासून महिनाअखेरचं, ज्याचं वाटप त्या सुमाराला चालू असेल? ‘हा’ म्हणजे बोलणाऱ्याच्या जवळचा, पण जवळ कशानं, मुदतीनं की हातात पडण्यानं? तुमच्या संस्थेत वाटप कधी होतं ह्यावर हे अवलंबून आहे आणि ते तुम्हालाच ठाऊक. लिहिताना मात्र बिलाला ‘हे’, ‘पुढचं’, ‘मागचं’ असं कधीच म्हणू नका. मुदतीच्या तारखा द्या.

जागेचं त्या मानानं सोपं आहे. सभा कार्यालयात झाली आणि वहीही तिथंच असते, म्हणून ‘इथे’ निभावून जातं. सभा एखाद्या समाजमंदिरात किंवा कोणाच्या घरी झाली असेल तर ‘इथे पैसे देतो’ म्हणजे कुठं? जागेचं नाव लिहावं. नदीकाठच्या गावांत ‘अलीकडे-पलीकडे’ जपून वापरावं. कोल्हापूर शहरातला माणूस ‘पंचगंगेच्या पलीकडं’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं आंबेवाडी आणि प्रयाग चिखली असते. चिखलीतल्या माणसाचं ‘पलीकडं’ म्हणजे कोल्हापूर. पुराच्या दिवसांत “पलीकडं दूध पोचलं न्हाई” हा निरोप दोन फोनांतून फिरून आला की तो नेमका उलटा होऊ शकतो. ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर’ ही इशारा पातळीची माहिती कोणी कुठूनही सांगितली तरी तीच राहते, कारण तिच्यात बोलणाऱ्याची जागा गुंतलेली नाही. निरोप लिहून घेताना हाच नमुना धरा.

‘येणे’ आणि ‘जाणे’ ही क्रियापदंसुद्धा खुंट्याला बांधलेली आहेत. ‘येणे’ हे बोलणाऱ्याकडं किंवा ऐकणाऱ्याकडं असतं. त्यात भर म्हणजे निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. सभा चालू असताना एखादे संचालक “बरं, येतो” म्हणून उठले आणि तुम्ही ‘येतो असे सांगून गेले’ लिहिलंत, तर पुढं कोणी म्हणेल की ते परत येणार होते, म्हणून त्यांच्यासाठी थांबायला हवं होतं. तिथं शब्द नव्हे, कृती लिहा : ‘सायं. ६.२० वाजता सभा सोडून गेले.’

‘तुमचं काय असंल ते’ ह्यातलं ‘तुमचं’ सभासद तुमच्याकडं बघून बोलले. ते एकट्या तुम्हाला आदरानं, की संस्थेला, हे शब्द सांगत नाही. विषय पेंडीच्या उधारीचा होता, म्हणून ‘संस्थेची पशुखाद्याची बाकी’ असं लिहिणं रास्त आहे. पण हा तुम्ही लावलेला अर्थ आहे, आणि रकमेचा आकडा तर ते बोललेलेच नाहीत. खातेवहीतला आकडा त्यांच्या तोंडी घालू नका. तो वेगळ्या वाक्यात, खात्याच्या आधारानं लिहा.

आता तुमचं वाक्य बांधू. ‘हे बिल’ म्हणजे १ ते १० मार्चचं असं धरून ते असं होईल :

> सभासद क्र. __ यांनी, संस्थेची पशुखाद्याची बाकी बुधवार, दि. १२ मार्च रोजी संस्थेच्या कार्यालयात समक्ष भरणार असल्याचे सांगितले. तसेच ही बाकी दि. १ ते १० मार्चच्या दूध बिलातून कापू नये अशी विनंती केली. (त्यांचे शब्द : “परवा येतो की हितं, तुमचं काय असंल ते भागवून टाकतो. ह्या बिलातनं कापू नका.”) खातेवहीप्रमाणे सभेच्या दिवशी बाकी रु. __.

काय बदललं बघा. ‘मी’ गेला, त्याच्या जागी ‘ते’ आलं नाही. ‘परवा’ आणि ‘ह्या’ला तारखा मिळाल्या. ‘हितं’ला जागेचं नाव मिळालं. ‘कापू नका’ हा आदेश सभासदाच्या तोंडून विनंतीच असतो, म्हणून ‘कापू नये अशी विनंती’. ह्या ‘-ये’च्या रूपातही पुरुष उरत नाही. मूळ शब्द कंसात आहेत, म्हणजे तुमचा अर्थ कोणाला पटला नाही तर तो पडताळायला मूळ जागेवरच सापडतो.

हे सगळं पोलीस ठाण्यातल्या जबाबाला लागू पडत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण बरेच जण तोच नमुना वहीत आणतात. जबाब लिहिणारा अंमलदार असला तरी त्यातला ‘मी’ सुरुवातीपासून जबाब देणाऱ्याचा असतो. लिहिणाऱ्याला तिथं स्वतःचा ‘मी’च नसतो. म्हणून तिथं ‘ते मला म्हणाले की’ असं आलं की एकाच वाक्यात दोन ‘मी’ भिडतात आणि अवतरणचिन्हांशिवाय गत्यंतर राहत नाही. इतिवृत्तात लिहिणारा कोणाच्याच तोंडानं बोलत नाही, त्यामुळं अवतरणाबाहेर ‘मी’ला जागाच नाही.

पुढच्या सभेपासून कच्चं टिपण दोन भागांत करा. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडं बोललेले शब्द, ‘परवा’, ‘हितं’, ‘ह्या’ सकट. विषय संपायच्या आत उजवीकडं त्यांच्या समोर तारीख, जागा, नाव. जिथं उजवी बाजू भरता येत नाही तिथं त्याच क्षणी विचारा : “परवा म्हणजे बुधवारी, बारा तारखेला ना?” ह्याला दहा सेकंद लागतात. महिन्यानं विचारलंत तर त्याला स्वतःलाही आठवणार नाही, आणि तोवर पैसे देण्याघेण्यावरून त्याची सोयही बदललेली असेल.

आधीच लिहिलेल्या इतिवृत्तात खाडाखोड करू नका, वर चिकटपट्टी तर अजिबात नको. पुढच्या सभेत पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असा असतोच. तिथं वाक्य वाचून दाखवा, ते सभासद हजर असतील तर त्यांना दोनच गोष्टी विचारा, परवा म्हणजे कोणती तारीख आणि बिल कोणत्या मुदतीचं. ते जे सांगतील ते दुरुस्ती म्हणून त्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवा आणि मग मागचं कायम करा. ते म्हणाले की ‘परवा’ म्हणजे आपलं असंच, एक-दोन दिवसांत, तर तसंच लिहा. तुमच्या हिशोबात १२ तारीख बसते म्हणून ती त्यांच्यावर लादायची नाही. आणि ते गैरहजर असतील, तर मूळ शब्द अवतरणात देऊन पुढं लिहा : ‘सभेच्या तारखेवरून “परवा” म्हणजे दि. १२ मार्च असा अर्थ घेतला आहे.’ अर्थ कोणी घेतला हे त्यातून कळतं, आणि सभासदाला तो नाकारायची जागा मोकळी राहते.